दहा आकडे आणि एक भोंगा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली होते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर. पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापूरच्या अलीकडे काही दिवस बंदच होता. त्या आठवड्यात महामार्गालगतच्या बहुतेक गावांनी जे केलं तेच आम्ही वाईत केलं: मंडळाची मुलं जमवली, एक टेम्पो ठरवला, आणि सामान गोळा करायला भोंग्याची रिक्षा फिरवली.

रिक्षावाले काका या कामात मुरलेले. निवडणूक, साड्यांचा सेल, पाणी येणार नाही, डोळे तपासणी शिबिर, सगळं त्यांनी पुकारलेलं. त्यांच्या हातात आम्ही कागद दिला, त्यांनी माइक घेतला आणि रविवार पेठेतून दोन तास फेरी मारली. घरोघर ऐकू गेलं. आमच्याकडे फोन मात्र आले चार.

दुसऱ्या दिवशी पाचवा फोन आला. बोलणारे गृहस्थ दुसऱ्याच जिल्ह्यातले. म्हणाले, “अहो, कालपासून मला लोक फोन करताहेत की चादरी न्यायला कधी येताय. एकाला विचारलं, नंबर कुठून घेतलात? म्हणाले, रिक्षावर ऐकला. त्यांनी मग चौकातली तुमची पाटी वाचून दाखवली. तुमच्यात आणि माझ्यात दोनच आकड्यांची अदलाबदल आहे.”

इथे खरा नंबर देत नाही. त्याच घडणीचा, पण ५ ने सुरू होणारा नंबर घेतो. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, त्यामुळे वाचून कुणी हौसेनं फिरवला तरी कुणाची झोपमोड होणार नाही. नंबर समजा असा: ५२०४७८६६९९. काकांनी तो त्यांच्या सवयीनं पुकारला होता: “बावन्न, शून्य चार, अठ्ठ्याहत्तर, सहासष्ट, नव्व्याण्णव.”

घोळ झाला तो अठ्ठ्याहत्तरात. मराठीत २१ पासून पुढे एकक आधी उच्चारतो आणि दशक नंतर. ‘अठ्ठ्याहत्तर’ म्हणताना आठ आधी कानावर पडतो, सात मागून येतो. बोटानं मात्र आधी ७ दाबायचा असतो आणि मग ८. कागदावर हिशेब करताना हे कुणाला जड जात नाही, कारण आकडा पूर्ण ऐकून मग लिहायची सवय असते. पण रिक्षा पुढे चाललेली, हातात मोबाइल, आणि आकडा ऐकता ऐकता दाबायचा, अशा वेळी कानाला जे आधी आलं तेच बोट दाबतं. ८७ उमटतो. ‘बावन्न’चा असाच २५ होऊ शकतो. त्याहून वाईट ‘एकोण’ची रांग. एकोणसाठमध्ये कानाला साठ ऐकू येतात आणि दाबायचे ५९ असतात. त्यातून भोंग्यातून ‘एकोण’ नीट उमटला नाही तर उरलेला ‘साठ’ आकडा म्हणून बिनचूक आणि नंबर म्हणून साफ चुकीचा.

योगायोग असा की त्याच वर्षी जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला होता. एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन त्यात दिलं होतं. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं असं होतं की मुलांना उलट्या क्रमामुळे संख्या लिहिताना अडचण येते. त्यावर विनोद पुष्कळ झाले. मीही एकदोन पुढे ढकलले होते. दोन महिन्यांनी रिक्षातल्या अठ्ठ्याहत्तरानं मला गप्प केलं.

म्हणून पहिला निर्णय: जोडीनं आकडे सांगायचे नाहीत. एकेक सुटा. पाच, दोन, शून्य, चार, सात, आठ, सहा, सहा, नऊ, नऊ.

यावर कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, “काका, असं कुणी बोलतं का? मी सांगतो.” आणि त्यानं सांगितलं, आपण सगळे सांगतो तसंच: “फाइव्ह टू झीरो, चार, सेव्हन एट, डबल सिक्स, डबल नऊ.” समोरासमोर हे चालतं. भोंग्यावर नाही. दोन भाषा मिसळल्या की एका भाषेत नसलेली साम्यं तयार होतात. मराठीतल्या ‘एक’ला मराठीत जवळचा भाऊ नाही, पण इंग्रजी ‘एट’ त्याच्या शेजारी आला की भोंग्यातून दोघांतलं फक्त ‘ए’ उरतं. पूर्ण इंग्रजीतही अडचण आहेच. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांत मधला स्वर एकच, म्हणून विमानाच्या रेडिओवर नऊला मुद्दाम ‘नाइनर’ म्हणतात आणि पाचला ‘फाइफ’. ‘डबल’चं आणखी वेगळं. ‘डबल सिक्स’मधला ‘डबल’ हुकला तर नंबर नऊ आकडी होतो. ‘सहा सहा’ म्हटलं तर एक सहा हुकला तरी दुसरा ऐकू येतो, आणि काहीतरी राहिलं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

सगळं मराठीत, सगळं सुटं, इतकं ठरलं. तरी एक चूक राहिलीच. आमच्या नंबरात सात आणि आठ शेजारी शेजारी आहेत.

रिक्षावर असतो तो गुंडाळलेल्या कर्ण्याचा भोंगा. तो माणसाचा आवाज लांब नेण्यासाठी केलेला असतो, सगळा आवाज नेण्यासाठी नव्हे. खालचा घुमार तो टाकून देतो, आणि वर साधारण ५–६ हजार हर्ट्झच्या पुढे त्याची ताकद संपते. आपला ‘स’ म्हणजे दातांमधून निघणारी शीळ, आणि तिचा मोठा भाग ४ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे भोंगा नेमका ‘स’चा शेंडा उडवतो. ‘सात’चा ‘स’ गेला की उरतो ‘आत’. ‘आठ’शी त्याचं अंतर किती? शेवटच्या ‘त’ आणि ‘ठ’ एवढंच, आणि शब्दाच्या शेवटचं व्यंजन तर रस्त्यावर सगळ्यात आधी विरतं. त्यातून ‘सात-आठ’ ही आपल्या बोलण्यातली ठरीव जोडी. सात-आठ माणसं, सात-आठ दिवस. ती जोडून म्हटली की ऐकणाऱ्याला तो अंदाज वाटतो, आकडे वाटत नाहीत.

यावर उपाय उच्चारात आहे, यंत्रात नाही. काकांना सांगितलं की सात म्हणताना ‘सा’ लांबवा, क्षणभर थांबा, मग आठ तोडून म्हणा. “चाऽर… साऽत… आठ.” आवाज मात्र वाढवायचा नाही, उलट थोडा कमीच ठेवायचा. ॲम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत पिरगाळलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज लांब जातो पण कळत नाही. माइक तोंडापासून चार बोटं लांब. ओठाला टेकवला की ‘प’ आणि ‘फ’चे नुसते फटाके फुटतात.

मुलांनी काकांचा आवाज मुद्रित केला तेव्हा पहिल्या ध्वनिमुद्रणाला मागून बासरीचं करुण संगीत लावलं होतं. त्यांची भावना मला कळत होती. ते काढायला लावलं तेव्हा ती रुसली. पण बासरी बोलण्याच्याच पट्ट्यात वाजते, आणि भोंग्याला दोघांना एकत्र नेता येत नाही.

आता वेळेचा हिशेब, कारण खरी अट तीच आहे. मोकळ्या गल्लीत भोंग्याचे शब्द नीट समजतात ते साधारण ६० मीटरपर्यंत. रिक्षा येताना ६० आणि जाताना ६०, म्हणजे घरात बसलेल्या माणसाच्या वाट्याला १२० मीटर येतात. रिक्षा ताशी २० किलोमीटरनं गेली तर हे अंतर २१–२२ सेकंदांत संपतं. ताशी ५ किलोमीटरनं, म्हणजे माणसाच्या चालीनं गेली तर ८६ सेकंद मिळतात. पहिल्या दिवशी काका पावसातून घाईनं निघाले होते आणि आमचा मजकूर मिनिटभराचा होता: निसर्गाचा कोप, बांधवांचे अश्रू, सढळ हस्ते मदत, आणि सर्वांत शेवटी नंबर, एकदाच. बऱ्याच घरांच्या वाट्याला नंबर आलाच नसणार. कुणाला कोप ऐकू गेला, कुणाला अश्रू.

म्हणून दुसरा निर्णय: एक पूर्ण फेरा अर्ध्या मिनिटाचा. रिक्षा चालीच्या वेगानं, आणि चौकात थांबून दोन फेरे. म्हणजे कुणीही कुठेही ऐकायला लागलं तरी त्याला नंबर किमान दोनदा, बहुधा चारदा मिळतो.

अर्ध्या मिनिटात किती बसतं? दहा सुटे आकडे, मधे दोन थांबे, याला सहा-साडेसहा सेकंद लागतात. नंबर दोनदा म्हणजे तेरा. बाकीच्या मजकुराला पंधरा सेकंद, स्पष्ट बोलायचं तर तीस-एक शब्द. एवढ्यात कोप आणि अश्रू बसत नाहीत.

नंबर कुठे तोडायचा हाही प्रश्न होता. आपण छापताना पाच-पाच तोडतो, डोळ्याला ते सोयीचं. कानाचं गणित वेगळं. १९५६ मध्ये जॉर्ज मिलरनं ‘सात, अधिक-उणे दोन’ ही मर्यादा मांडली, ती सगळ्यांना माहीत असते. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवननं ती चार गठ्ठ्यांच्या आसपास आणली. पण भोंग्यासाठी मला जास्त कामाचं वाटलं ते ॲलन बॅडली यांचं निरीक्षण: ऐकलेलं आपण मनातल्या मनात घोळवतो, आणि तो घोळवण्याचा फेरा साधारण दोन सेकंदांत मावेल एवढंच धरून ठेवतो. म्हणजे प्रश्न आकडे किती याचाच नाही, ते म्हणायला किती वेळ लागतो याचाही आहे. वेल्श भाषेतल्या आकड्यांची नावं म्हणायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या भाषेत आकडे लक्षात ठेवण्याचा आवाका कमी भरतो, असं १९८० मध्ये दाखवलं गेलं. आपले सुटे आकडे आखूड आहेत हे आपलं नशीब. पाच, दोन, शून्य हे दीड सेकंदात संपतं. पाच आकडे सावकाश म्हटले तर अडीच सेकंद होतात आणि कड ओलांडली जाते. म्हणून तीन-तीन-चार: पाच दोन शून्य, चार सात आठ, सहा सहा नऊ नऊ. शेवटचा गठ्ठा चारचा असला तरी दोन जोड्यांचा आहे, म्हणून पेलतो.

तोडण्याची जागा एकदा ठरली की बदलायची नाही. उत्साही माणसं पहिल्यांदा तीन-तीन-चार म्हणतात आणि दुसऱ्यांदा पाच-पाच, समजायला सोपं जावं म्हणून. ऐकणाऱ्यानं मात्र पहिल्या वेळी एक चाल पकडलेली असते. दुसऱ्या वेळी तो फक्त हुकलेला आकडा शोधत असतो, आणि चाल बदलली की त्याची जागाच सापडत नाही. पाढे म्हणताना ‘बे एके बे, बे दुणे चार’ हा हेल जसा बदलत नाही तसंच. काकांनी नंबराला तसा हेल दिला: पहिले दोन गठ्ठे वर चढणारे, तिसरा उतरत बसणारा. तो उतार ऐकला की नंबर संपला हे न सांगता कळतं. दुपारपर्यंत रिक्षामागून धावणारी पोरं तो म्हणू लागली होती.

मजकूर लिहिताना एक गोष्ट मात्र मला आधी सुचली नव्हती. आमच्या पहिल्या कागदावर ‘सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा’ अशी वेळ होती. नंबराच्या अगदी अलीकडे नऊ आणि सहा, आणि नंबरातही सहा सहा नऊ नऊ. लोकांच्या डोक्यात आकडे एकमेकांत मिसळत होते. म्हणून मजकुरात नंबर आणि त्याआधीचं ‘दहा आकडे’ सोडून दुसरा एकही आकडा ठेवला नाही. सहा वाजेपर्यंतचं झालं ‘दिवेलागणीपर्यंत’. ‘पाच किलो तांदूळ’ गेले.

शेवटी जे उभं राहिलं ते असं:

“ऐका हो ऐका! कोल्हापूर-सांगलीच्या पुरासाठी सामान गोळा होतंय. नव्या चादरी, सुकं खाणं, फिनेल, खराटे. जुने कपडे नकोत. उद्या दिवेलागणीपर्यंत. फोन करा, आम्ही दारात येऊन नेतो. मोबाइल हातात घ्या. दहा आकडे. पाच दोन शून्य… चार सात आठ… सहा सहा नऊ नऊ. परत सांगतो. पाच दोन शून्य… चार सात आठ… सहा सहा नऊ नऊ.”

‘ऐका हो ऐका’ हे दवंडीवाल्याचं. त्यात माहिती काहीच नाही, आणि म्हणूनच ते पहिलं. कान वळायला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत काही मोलाचं बोललं तर ते वाया जातं. ‘मोबाइल हातात घ्या’ नंतर काका दोन सेकंद खरोखर गप्प बसत. ही शांतता त्यांना सुरुवातीला सहन होत नसे. भोंगा बंद पडला असं लोकांना वाटेल, म्हणायचे. पण चार्जिंगला लावलेला फोन काढायला तेवढा वेळ लागतोच. ‘दहा आकडे’ हे शब्द अशासाठी की ज्याला आठ किंवा नऊच मिळाले त्याला आपलं काही राहिलं हे कळावं. आणि नंबरानंतर एकही शब्द नाही. धन्यवाद नाही, मंडळाचं नाव नाही. शेवटचं ऐकलेलं डोक्यात राहतं, आणि त्यावर ‘सौजन्य’ ऐकवलं तर सौजन्य राहतं.

‘जुने कपडे नकोत’ यावर मंडळात वाद झाला, देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून. मी हट्ट धरला. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, कुणी न उचललेले. नकार तीन शब्दांत सांगता येतो. टेम्पोतले ढीग वेगळे करायला दोन दिवस जातात.

दुसऱ्या फेरीआधी आम्ही परीक्षा घेतली. पटांगणात रिक्षा उभी केली, पन्नास पावलांवर सहा जणांना पाठ करून उभं केलं: दोन आज्या, किराणा दुकानदार, दोन शाळकरी पोरं, एक कमी ऐकू येणारे निवृत्त गुरुजी. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, फेरा एकदाच. चौघांचा नंबर बरोबर. एका आजीनं ‘४८८’ लिहिलं, म्हणजे सात अजून फिका होता. गुरुजींचा पहिला गठ्ठाच हुकला. ‘दहा आकडे’ संपतं न संपतं तोच नंबर सुरू होत होता. काकांनी ‘सा’ आणखी लांबवला आणि नंबराआधी एक श्वास घेतला. दुसऱ्या वेळी सहाही बरोबर. अशा परीक्षेत किती जण चुकले यापेक्षा सगळे एकाच आकड्यावर चुकतात का, ते पाहावं. एकाच जागी चुकत असतील तर दोष उच्चारात आहे. वेगवेगळ्या जागी चुकत असतील तर वेगात.

गावाजवळ छोटं एफएम केंद्र असेल तर हाच मजकूर तिथे जसाच्या तसा देऊ नये. एफएमवर ‘स’ शाबूत राहतो आणि सात-आठची भीती उरत नाही. तिथे अडचण वेगळी: ऐकणाऱ्याचे हात कणकेत असतात. रिक्षा परत येते, नभोवाणी लगेच येत नाही. म्हणून तिथे सामानाची यादी सावकाश सांगावी, नंबर दोनदा सांगावा, आणि निवेदकाला विनंती करावी की पुढचं गाणं संपल्यावर फक्त नंबर पुन्हा एकदा सांगा, त्याच हेलात. तोवर हात धुऊन झालेले असतात.

रिक्षेसाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत एरवीही बंद. पुराचं काम आहे म्हणून यातून सूट आहे असं समजू नये. आणि घोषणेतला नंबर आपलाच हवा, ‘१०७७’ नव्हे. तो जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा, पाण्यात अडकलेल्यांसाठी. चादरी द्यायच्या म्हणून त्यावर फोन आले तर छपरावर बसलेल्या माणसाला लाइन मिळत नाही.

दुसऱ्या फेरीनंतर फोन वाजायला लागला तो थांबेना. मग नवी अडचण: एंगेज लागला की माणूस पुन्हा फोन करत नाही. घोषणेत दुसरा नंबर घालायचा मोह झाला, पण दोन नंबर म्हणजे वीस आकडे, आणि वीस आकड्यांतला एकही कुणाला आठवत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, लाइन लागलेली असेल तेव्हा कॉल दुसऱ्या फोनवर वळेल असं केलं. दोन मुलं दोन फोन घेऊन बसली. प्रत्येकाला पहिला प्रश्न ठरलेला: नंबर कुठून मिळाला? रिक्षा, पाटी की कुणी सांगितला? वहीत तीन रकाने. रिक्षाचा रकाना भरत गेला तसं काकांच्या चेहऱ्यावर आलं ते मी निवडणुकीतही पाहिलं नव्हतं.

टेम्पो निघाला त्या संध्याकाळी आणखी एक घोषणा केली, नंबर न सांगता: “पुराचं सामान घेणं थांबलंय. टेम्पो निघाला.” तरी फोन येतच राहिले. काकांनी आधीचं ध्वनिमुद्रण तीन पेनड्राइव्हमध्ये ठेवलं होतं, त्यातला एक त्यांच्या भाच्याच्या रिक्षेत होता. २ सप्टेंबरला गणपती बसले, आणि त्या दिवशीही एका बाईंचा फोन आला की चार चादरी आहेत, कधी येताय.